आर्मेचर कंट्रोल्ड डीसी मोटरचं ट्रान्सफर फंक्शन: दोन समीकरणांपासून टेबलावरच्या मोटरपर्यंत

डीसी मोटरचं ट्रान्सफर फंक्शन कंट्रोल सिस्टीमच्या जवळजवळ प्रत्येक पेपरात येतं. बहुतेकांना ते पाठ असतं. पण छेदातला K² कुठून आला आणि तो काढून टाकला तर काय होईल, असं विचारलं की गाडी अडते. या सगळ्या गणिताचा जीव त्या एका पदात आहे. म्हणून इथे पूर्ण डेरिव्हेशन करू या, ते एका मोटरच्या आकड्यांवर चालवून पाहू या, आणि मग टेबलावरच्या मोटरशी ते कसं पडताळायचं तेही बघू या.

उदाहरणासाठी 24 व्होल्टची, परमनंट मॅग्नेटची, ब्रशवाली छोटी मोटर घेऊ. आकडे मी हिशेबाला सोपे धरले आहेत, पण या आकाराच्या मोटरला शोभतील असेच आहेत:

```
R = 1.5 ohm          आर्मेचरचा रोध
L = 1.5 mH           आर्मेचरचं इंडक्टन्स
K = 0.05 N·m/A       टॉर्क स्थिरांक
J = 1e-4 kg·m²       रोटरचं जडत्व
B = 2e-5 N·m·s/rad   श्यान घर्षण
```

आधी गृहीतकं

आर्मेचर कंट्रोल म्हणजे फील्ड स्थिर ठेवायचं आणि मोटर आर्मेचरच्या व्होल्टेजने चालवायची. परमनंट मॅग्नेट मोटरमध्ये चुंबकच फील्ड देतं, त्यामुळे ही अट आपोआप पूर्ण होते. वेगळं फील्ड वाइंडिंग असेल तर त्यातला करंट न बदलणारा हवा.

ही अट महत्त्वाची आहे, कारण टॉर्क हा फ्लक्स आणि आर्मेचर करंट यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. फ्लक्स स्थिर असेल तर टॉर्क फक्त करंटच्या प्रमाणात राहतो आणि समीकरण रेषीय होतं. दोन्ही बदलू लागले की दोन चलांचा गुणाकार येतो, आणि मग ट्रान्सफर फंक्शन हा शब्दच लागू पडत नाही. सीरीज मोटरमध्ये नेमकं हेच होतं. मुंबईच्या जुन्या डीसी लोकलमध्ये अशाच मोटर होत्या. तिथे फ्लक्स करंटसोबत वाढतो, त्यामुळे कोअर सॅच्युरेट होईपर्यंत टॉर्क करंटच्या वर्गाच्या प्रमाणात जातो. पुढचं गणित अशा मोटरला जसंच्या तसं लावू नका.

आणखी दोन गोष्टी गृहीत धरू: शाफ्टला पीळ पडत नाही, म्हणजे रोटर आणि भार एकाच वेगाने फिरतात, आणि घर्षण वेगाच्या प्रमाणात आहे. दुसरं गृहीतक प्रत्यक्षात पूर्ण खरं नसतं. त्याचा हिशेब टेस्टिंगच्या वेळी करू.

विद्युत बाजू

आर्मेचरच्या टर्मिनलना v व्होल्टेज दिलं. ते तीन ठिकाणी खर्च होतं: रोधात, इंडक्टन्समध्ये, आणि फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये तयार होणाऱ्या बॅक ईएमएफविरुद्ध. किर्चहॉफच्या व्होल्टेज नियमाने:

```
v = R·i + L·(di/dt) + e
e = Ke·ω
```

ω हा रेडियन प्रति सेकंदात आहे. मोटर थांबलेली असेल तर e शून्य, आणि करंट फक्त R आणि L ठरवतात. मोटर वेग घेऊ लागली की e वाढतो, तेवढं व्होल्टेज कमी उरतं आणि करंट खाली येतो. सुरू होताना मोटर दणकून करंट का घेते आणि वेग आल्यावर तो का उतरतो, याचं उत्तर या एका ओळीत आहे.

यांत्रिक बाजू

रोटरवर मोटरचा टॉर्क एका दिशेने काम करतो, आणि घर्षण व बाहेरचा भार त्याच्या विरुद्ध. न्यूटनचा दुसरा नियम फिरणाऱ्या वस्तूला लावला की:

```
J·(dω/dt) + B·ω = T − TL
T = Kt·i
```

भार शाफ्टला थेट जोडला असेल तर त्याचं जडत्व J मध्येच मिळवा. मध्ये N पट वेग कमी करणारा गिअरबॉक्स असेल तर भाराचं जडत्व N² ने भागून मिळवा. TL सध्या शून्य धरू, तो नंतर परत आणू.

Kt आणि Ke एकच का

आर्मेचरमध्ये बॅक ईएमएफविरुद्ध जी विद्युत शक्ती जाते, तीच यांत्रिक शक्ती म्हणून बाहेर येते. तांब्यातला तोटा R च्या पदात आधीच वेगळा काढला आहे. म्हणून:

```
e·i = T·ω
Ke·ω·i = Kt·i·ω
Ke = Kt = K
```

ही समानता फक्त एसआय एककांत आकड्याने खरी दिसते, आणि विद्यार्थी इथेच सर्वांत जास्त फसतात. डेटाशीटवर Ke बऱ्याचदा व्होल्ट प्रति 1000 आरपीएम असा देतात. आपल्या मोटरसाठी तो 5.24 असेल, कारण 1000 आरपीएम म्हणजे 104.7 रेडियन प्रति सेकंद आणि 104.7 × 0.05 = 5.24. तो 5.24 तसाच सूत्रात टाकला तर सगळं उत्तर कोसळतं. जडत्वाचंही तसंच. डेटाशीटवर ते g·cm² मध्ये असेल तर 10⁷ ने भागा. आपल्या मोटरचं जडत्व त्या एककात 1000 आहे.

लाप्लास आणि i ला बाहेर काढणं

सुरुवातीच्या अटी शून्य धरून दोन्ही समीकरणांचं लाप्लास रूपांतर घेऊ:

```
V(s) = (L·s + R)·I(s) + K·Ω(s)      ...(1)
(J·s + B)·Ω(s) = K·I(s)             ...(2)
```

आपल्याला Ω आणि V यांचं नातं हवं आहे, म्हणजे I नको आहे. (2) मधून I काढणं सगळ्यांत सुटसुटीत:

```
I(s) = (J·s + B)·Ω(s) / K
```

हे (1) मध्ये घातलं:

```
V(s) = [ (L·s + R)(J·s + B)/K + K ]·Ω(s)
```

कंसाला K हा सामाईक छेद दिला आणि उलटवलं:

```
Ω(s)             K
----  =  -------------------------
V(s)     (L·s + R)(J·s + B) + K²
```

छेद उलगडून:

```
LJ·s² + (RJ + LB)·s + (RB + K²)
```

लिहून झालं की एककं तपासा. छेदातल्या तिन्ही पदांचं एकक सारखं यायला हवं: ओहम × न्यूटन-मीटर-सेकंद. K² चं एकक व्होल्ट-सेकंद गुणिले न्यूटन-मीटर भागिले अँपिअर, आणि व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम. जुळलं. परीक्षेत अर्ध्या मिनिटात होणारी ही तपासणी बहुतेक चुका पकडते.

चिन्हाची चूक मात्र एककं पकडत नाहीत. बॅक ईएमएफ चुकून दुसऱ्या बाजूला गेला तर छेदात +K² च्या जागी −K² येतं. आपल्या आकड्यांत तसं केलं तर एक पोल +16.2 वर, म्हणजे उजव्या अर्ध्या प्रतलात जातो. व्होल्टेज दिल्यावर वेग वाढतच जाईल, असं ते गणित सांगेल. साधी मोटर अस्थिर निघाली की आधी हे चिन्ह बघा.

आकडे घालू

```python
import numpy as np
R, L, K, J, B = 1.5, 1.5e-3, 0.05, 1e-4, 2e-5
den = [L*J, R*J + L*B, R*B + K*K]
print(np.roots(den))
print(K/den[2])
```

पोल येतात −983 आणि −17.2 च्या जवळ, आणि डीसी गेन 19.76 रेडियन प्रति सेकंद प्रति व्होल्ट. म्हणजे 24 व्होल्टला बिनभाराचा स्थिर वेग 474 रेडियन प्रति सेकंद, साधारण 4530 आरपीएम. या आकाराच्या मोटरला पटण्यासारखा आकडा आहे.

K² काढला तर

आता सुरुवातीचा प्रश्न. बॅक ईएमएफ विसरलो आणि छेद फक्त (Ls + R)(Js + B) राहिला, असं समजू. डीसी गेन होतो K/RB, म्हणजे 1667. त्या हिशेबाने 24 व्होल्टला मोटर 40,000 रेडियन प्रति सेकंदाने फिरेल, म्हणजे 3,80,000 आरपीएमच्या पुढे. आणि तिथे पोचायचा यांत्रिक टाइम कॉन्स्टंट J/B, म्हणजे पूर्ण 5 सेकंद. खऱ्या मोटरचा मंद पोल −17.2 वर आहे, म्हणजे टाइम कॉन्स्टंट सुमारे 58 मिलिसेकंद. फरक ऐंशी-पंच्याऐंशी पटींचा आहे.

कारण पाहायचं असेल तर L क्षणभर शून्य धरा. छेद R ने भागला की यांत्रिक समीकरणात B च्या जागी B + K²/R बसतं. आपल्या मोटरमध्ये K²/R = 0.00167, आणि B = 0.00002. म्हणजे बॅक ईएमएफमुळे आलेलं विद्युत डॅम्पिंग बेअरिंगच्या घर्षणाच्या 83 पट आहे. मोटरचा वेग बेअरिंग नाही, बॅक ईएमएफ आवरतो. हा मोटरच्या आतच असलेला ऋण फीडबॅक आहे. ब्लॉक डायग्राम काढला तर तो उघड दिसतो: V मधून KΩ वजा होतो, उरलेलं 1/(Ls + R) मधून जाऊन करंट होतं, K ने टॉर्क होतो, 1/(Js + B) ने वेग होतो, आणि वेग K मधून परत मागे जातो. पुढच्या मार्गाचा गेन भागिले एक अधिक लूप गेन, या सूत्रानेही वरचंच ट्रान्सफर फंक्शन मिळतं. डेरिव्हेशन दोन्ही वाटांनी करून जुळवून बघा.

हे बोटांना जाणवून घेता येतं. कुठलीही छोटी परमनंट मॅग्नेट मोटर घ्या, सप्लायपासून सोडवा आणि शाफ्ट चिमटीत धरून फिरवा. ब्रश आणि चुंबकांमुळे थोडे खटके लागतील, पण शाफ्ट फिरेल. आता दोन्ही टर्मिनल एकमेकांना जोडून पुन्हा फिरवा. शाफ्ट एकदम जड लागतो, आणि जितक्या जोरात फिरवाल तितका जास्त अडवतो. शॉर्ट केल्यावर v शून्य होतो, बॅक ईएमएफ R मधून करंट ढकलतो, आणि तो करंट गतीच्या विरुद्ध टॉर्क देतो. K²/R तो हाच.

एका पोलवर कधी भागवता येतं

दोन पोलपैकी −983 चा पोल विद्युत बाजूचा. त्याचा टाइम कॉन्स्टंट साधारण 1 मिलिसेकंद, म्हणजे L/R. दुसरा जवळपास साठपट मंद आहे. वेगाच्या कंट्रोलसाठी वेगवान पोल सोडून दिला तर चालतं, आणि मग सोपं रूप मिळतं:

```
Ω(s)        Km
----  ≈  --------
V(s)     τm·s + 1

Km = K/(RB + K²)  = 19.76
τm = RJ/(RB + K²) = 0.0593 s
```

खरा मंद टाइम कॉन्स्टंट 58.3 मिलिसेकंद, अंदाजे आलेला 59.3. दोन टक्क्यांच्या आत. पण हे डोळे झाकून करू नका. रोटर फार हलका असेल, तर τm आणि L/R जवळ येतात. B नगण्य धरला तर τm हा L/R च्या चौपटीपेक्षा कमी झाला की दोन्ही पोल सम्मिश्र होतात आणि वेग ओव्हरशूट करतो. अशा वेळी पूर्ण दुसऱ्या क्रमाचं समीकरणच ठेवा. करंट लूप डिझाइन करतानाही L टाकून देता येत नाही, कारण तिथे काम त्या एका मिलिसेकंदातच चालतं.

वेगाऐवजी कोन हवा असेल तर कोन म्हणजे वेगाचं इंटिग्रल. छेदाला आणखी एक s गुणा, एवढंच.

भाराचा टॉर्क

TL परत आणला की सुपरपोझिशन लावता येतं. V शून्य धरून तीच दोन समीकरणं सोडवली की:

```
Ω(s)            −(L·s + R)
-----  =  -------------------------
TL(s)     (L·s + R)(J·s + B) + K²
```

छेद तोच, अंश वेगळा. छेद तोच येणार, कारण पोल मोटरचे आहेत, इनपुट कुठून दिलं याच्याशी त्यांचा संबंध नाही. स्थिर स्थितीत 0.05 न्यूटन-मीटरचा भार टाकला तर वेग 29.6 रेडियन प्रति सेकंदाने, म्हणजे 283 आरपीएमने उतरतो. R जितका जास्त तितकी ही उतरण जास्त. मोटरला लांब, बारीक वायर जोडली की भाराखाली ती का मरगळते ते इथे कळतं. वायरचा रोध R मध्ये मिळतो.

टेबलावर आकडे काढणं

डेटाशीट नसेल तर पाचपैकी चार आकडे साध्या साधनांनी निघतात. R साठी शाफ्ट घट्ट धरून ठेवा, सुमारे 1 अँपिअर जाईल इतकंच व्होल्टेज द्या आणि टर्मिनलवरच मोजा. शाफ्ट थोडा थोडा फिरवून चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्या, कारण ब्रश कम्युटेटरच्या कुठल्या पट्ट्यांवर आहे यावर वाचन बदलतं. साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर विसंबू नका. इतक्या कमी करंटला ब्रशचा संपर्क वेगळाच रोध दाखवतो.

K साठी मोटर बिनभाराची चालवा. आपली मोटर 24 व्होल्टला 474 रेडियन प्रति सेकंदाने फिरते आणि सुमारे 0.19 अँपिअर घेते. मग:

```
K = (24 − 0.19 × 1.5) / 474 = 0.05
B = K·i/ω = 0.05 × 0.19 / 474 = 2e-5
```

B मात्र एका वाचनावरून ठरवू नका. खऱ्या मोटरमध्ये ब्रशचं कोरडं घर्षण असतं, ते वेगावर अवलंबून नसतं. तीन-चार व्होल्टेजना करंट आणि वेग मोजून K·i विरुद्ध ω असा आलेख काढा. उतार म्हणजे B. उभ्या अक्षावरचा छेद म्हणजे कोरडं घर्षण, आणि ते आपल्या रेषीय मॉडेलमध्ये नाही.

J साठी स्टेप टेस्ट. शून्यापासून स्टेप देऊ नका, कारण कोरडं घर्षण सुरुवातीचा भाग बिघडवतं. 6 व्होल्टवर वेग स्थिर होऊ द्या, मग 9 व्होल्टवर उडी मारा. कोरडं घर्षण दोन्हीकडे तेवढंच असल्यामुळे वजाबाकीत निघून जातं. वेग साधारण 566 आरपीएमने वाढेल. त्यातले 63 टक्के, म्हणजे 358 आरपीएम, वाढायला लागलेला वेळ म्हणजे τm. तो 59 मिलिसेकंद निघाला की:

```
J = τm·(RB + K²)/R = 0.059 × 0.00253 / 1.5 ≈ 1e-4
```

या टेस्टमध्ये एक गोष्ट हमखास घोळ घालते: बेंच सप्लायची करंट लिमिट. थांबलेल्या आपल्या मोटरला थेट 24 व्होल्ट दिले तर करंट 16 अँपिअरच्या दिशेने झेपावतो. सप्लाय 3 अँपिअरचा असेल तर तो व्होल्टेज पाडतो आणि करंट 3 वर धरून ठेवतो. टॉर्क स्थिर होतो, त्यामुळे वेग घातांकी वक्राऐवजी सरळ रेषेत चढतो, साधारण 3,700 आरपीएमपर्यंत, आणि त्याला पाव सेकंदाच्या वर वेळ लागतो. त्यावरून काढलेला τm आणि त्यापासून काढलेला J दोन्ही चुकीचे येतात. आलेखाची सुरुवात पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसली, तर सप्लायवरचा सीसीचा, म्हणजे स्थिर करंटचा दिवा बघा. 6 ते 9 च्या उडीत जास्तीचा करंट फक्त 2 अँपिअर असतो, म्हणून तिथे लिमिट आड येत नाही.

शेवटी तापमान. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. वाइंडिंग 60 अंशांनी तापलं की 1.5 ओहमचे 1.85 होतात. डीसी गेन 19.76 वरून 19.71 वर येतो, म्हणजे जवळपास हलत नाही. पण τm 59 वरून 73 मिलिसेकंदांवर जातो, आणि भाराखालची वेगाची उतरणही त्याच प्रमाणात वाढते. चुंबक फेराइटचं असेल तर तापल्यावर त्याचा फ्लक्स घटतो, K उतरतो, आणि मग गेनही बदलतो. म्हणून पीआयडी ट्यून करायचा असेल तर मोटर थंड असताना एकदा आणि अर्धा तास भारावर चालवून झाल्यावर एकदा, अशी तीच स्टेप टेस्ट घ्या, आणि दोन्ही ट्रान्सफर फंक्शनवर कंट्रोलर तपासा.